महागाईही आणि मंदीही: पुरवठ्याच्या धक्क्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी आणि बी.ए.च्या मुलांकडून, आणि कधीकधी त्यांच्या वडिलांकडूनही, दर वर्षी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं आपल्याकडची आहेत. आकडे कुठे खरे आणि कुठे मांडणीसाठी घेतलेले, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

यंदा बोंडअळीनं कापूस गेला. हा पुरवठ्याचा धक्काच ना?

तुमच्यासाठी धक्का आहेच, पण पुस्तकातल्या समग्र मागणी-पुरवठ्याच्या आकृतीतला तो धक्का नाही. त्या आकृतीत आडव्या अक्षावर साऱ्या देशाचं एकूण उत्पादन असतं आणि उभ्या अक्षावर सगळ्या वस्तूंची मिळून भावपातळी. एका पिकाचा भाव तिथे दिसत नाही.

2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं यवतमाळपासून अकोल्यापर्यंत कपाशीची वाट लावली. पण रुईचा भाव एका जिल्ह्यात ठरत नाही. गुजरात-तेलंगणातलं पीक, गिरण्यांची मागणी, जगाचा बाजार, या सगळ्यांवर तो हलतो. म्हणून आपलं पीक बुडालं तरी भाव तेवढ्या प्रमाणात चढेलच असं नाही, आणि शेतकरी दोन्हीकडून मारला जातो. देशाच्या आकृतीत मात्र एवढ्यानं पुरवठ्याची रेषा जेमतेम हलते.

ती ठळकपणे हलवणारे धक्के वेगळे असतात: देशभर पडलेला दुष्काळ, किंवा कच्च्या तेलाची दरवाढ. डिझेल महागलं की ट्रॅक्टरची नांगरटी, मालाचं भाडं, खत, जिनिंगचा खर्च, किराणा, सगळंच एकदम महागतं. देशातल्या जवळजवळ प्रत्येक उत्पादकाचा खर्च एकाच वेळी वाढतो, म्हणून या पानावर पुढे तेलाचंच उदाहरण धरलं आहे.

अल्पकालीन पुरवठ्याची रेषा वर चढती का असते?

कारण काही खर्च लगेच बदलत नाहीत, आणि त्यातला सगळ्यांत मोठा खर्च मजुरीचा. आपल्याकडे याचं उदाहरण घरातच आहे: सालगडी. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरतं. वर्षाची रक्कम, कुठे वरून धान्य, एकदा बोलणं झालं की पुढच्या पाडव्यापर्यंत ते तसंच राहतं. ठरवताना दोघांच्याही मनात एक अंदाज असतो, की येत्या वर्षी बाजारात काय भाव राहील.

समजा तो अंदाज चुकला आणि सगळेच भाव अपेक्षेपेक्षा जास्त चढले. मालकाच्या मालाला जास्त पैसे मिळतात, सालगड्याची रक्कम मात्र तीच. मालकाला काम वाढवणं परवडतं. भाव अपेक्षेपेक्षा खाली राहिले तर उलटं होतं. कारखान्यातले वेतनकरार, वर्षभरासाठी ठरलेलं गोदामाचं भाडं, छापून ठेवलेले दर, हे सगळे याच जातीचे. म्हणून थोड्या काळात भावपातळी वर गेली की उत्पादन वाढतं.

दीर्घकालीन रेषा उभी असते त्याचंही कारण यातच आहे. पाडवा दर वर्षी येतो. नवा भाव माहीत झाला की नवं साल त्या हिशेबानं ठरतं आणि मालकाचा तात्पुरता फायदा संपतो. मग उत्पादन तेवढंच राहतं, जेवढं देशाच्या जमिनी, माणसं, यंत्रं आणि कौशल्य यातून निघू शकतं. त्याला संभाव्य उत्पादन म्हणतात.

धक्का बसला की पहिल्या वर्षी काय होतं?

तालुक्याच्या गावातली एखादी तेलघाणी किंवा जिनिंग डोळ्यासमोर आणा. वीज, डिझेल, वाहतूक, सगळं चढलं. मजुरी आधीच ठरलेली आहे, ती खाली येत नाही. जुन्या भावाला माल विकला तर आता तोटा. मालक दोन गोष्टी करतो. भाव वाढवतो, आणि वाढलेल्या भावाला गिऱ्हाईक कमी होतं म्हणून दुसरी पाळी बंद करतो. हमाल आणि रोजंदारीवाले घरी बसतात.

सगळ्या देशात हेच झालं की अल्पकालीन पुरवठ्याची रेषा डावीकडे (म्हणजेच वरच्या बाजूला) सरकते. मागणीची रेषा जागेवरच असते. दोन्ही जिथे नव्यानं छेदतात तिथे भावपातळी आधीपेक्षा वर आणि उत्पादन आधीपेक्षा कमी. महागाई आणि मंदी एकाच वेळी. यालाच स्टॅगफ्लेशन म्हणतात.

मुलं इथे एक चूक हमखास करतात: भाव वाढले म्हणून मागणीची रेषाही डावीकडे ढकलतात. भाव वाढल्यावर लोक कमी घेतात हे खरं, पण ते त्याच मागणी-रेषेवरून वर सरकणं आहे. देशात फिरणारा पैसा तेवढाच, भाव जास्त, म्हणून त्या पैशात कमी माल येतो आणि व्याजदरावरही ताण येतो. रेषा हलवायला सरकारचा खर्च, कर, रिझर्व्ह बँकेचं धोरण असं काहीतरी वेगळं बदलावं लागतं.

नुसती मंदी आणि ही मंदी, ओळखायची कशी?

भावाकडे बघा. मागणी आटली असेल तर उत्पादन आणि भाव (किंवा भाववाढीचा वेग) दोन्ही खाली येतात. पुरवठ्याचा धक्का असेल तर उत्पादन खाली आणि भाव वर, अशी दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला.

खेड्यात मात्र उत्पादनातली घट बेरोजगारीच्या आकड्यात सरळ दिसत नाही. आपल्याकडे माणूस "बेकार" होत नाही, त्याचे कामाचे दिवस कमी होतात. निंदणाला चार बाया लागायच्या तिथे दोन बोलावतात, बाकीच्या घरच्याच वावरात राबतात आणि सर्वेक्षणात "काम आहे" असंच सांगतात. अमेरिकी पुस्तकातला बेरोजगारीचा दर इथे जसाच्या तसा वापरला तर धक्का लहान वाटतो.

आकड्यांत एकदा समजावून सांगा ना.

सांगतो. हे आकडे मांडणीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही देशाचे नाहीत.

संभाव्य उत्पादन 100, भावपातळीही 100. मागणीचा नियम: उत्पादन = 200 वजा भावपातळी. पुरवठ्याचा नियम: भावपातळी = लोकांनी अपेक्षिलेली भावपातळी + (उत्पादन वजा 100) + धक्का. लोक अपेक्षा कशी करतात? साधी पद्धत धरू: मागच्या वर्षी जो भाव होता तोच यंदा राहील असं धरून साल ठरवतात.

आता तेलाचा धक्का 10 चा बसला. अपेक्षा अजून 100 चीच आहे. दोन्ही नियम एकत्र सोडवले की उत्पादन 95 आणि भावपातळी 105 येते. धक्का 10 चा, पण भाव 5 नेच वाढला. बाकीचा अर्धा भार उत्पादनानं उचलला.

दुसऱ्या वर्षी तेल पूर्ववत झालं, धक्का शून्य. तरी गाडी लगेच मूळ जागी येत नाही, कारण पाडव्याला साल ठरवताना सगळ्यांच्या डोक्यात 105 होते. मजुरी वाढीव ठरली. उत्पादन 97.5 आणि भावपातळी 102.5. तेल स्वस्त होऊनही मंदी उरली, तीही नुसत्या अपेक्षेमुळे.

आणि तेल कायमचंच महाग राहिलं तर? तेही याच नियमानं काढता येतं. दोन्ही शेजारी ठेवू:

| वर्ष | तात्पुरता धक्का: उत्पादन / भाव | कायमचा धक्का: उत्पादन / भाव |
|---|---|---|
| 1 | 95 / 105 | 95 / 105 |
| 2 | 97.5 / 102.5 | 92.5 / 107.5 |
| 3 | 98.75 / 101.25 | 91.25 / 108.75 |
| शेवटी | 100 / 100 | 90 / 110 |

पहिली ओळ नीट बघा. दोन्हीकडे अगदी सारखी आहे. पहिल्या वर्षी नुसते आकडे बघून धक्का कोणत्या जातीचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही, रिझर्व्ह बँकेलाही नाही. सगळी पुढची भानगड इथूनच सुरू होते.

म्हणजे दीर्घकाळात सगळं आपोआप ठीक होतं?

धक्का तात्पुरता असेल तर मॉडेलमध्ये हो. काम कमी आहे, माणसं जास्त आहेत, म्हणून पुढची मजुरी जरा दबकत ठरते, खर्च उतरतो, पुरवठ्याची रेषा हळूहळू उजवीकडे परत येते. उत्पादन आणि भाव दोन्ही मूळ जागी.

प्रत्यक्षात मजुरीची रक्कम खाली आलेली आपण क्वचितच पाहतो. दोनशे घेणारी बाई पुढच्या वर्षी एकशे नव्वदला येत नाही. होतं काय, की भाव वाढतात आणि मजुरी त्यामानानं कमी वाढते. म्हणजे समायोजन होतं, पण ते मजुराच्या ताटातून होतं. आकृतीत रेषा सुबकपणे सरकताना हे दिसत नाही. मला वाटतं, शिकवताना ते मुद्दाम सांगायला हवं.

कायमच्या धक्क्यात मात्र परत यायला मूळ जागाच उरत नाही. उभी दीर्घकालीन रेषाच 100 वरून 90 वर सरकलेली असते. देश तेवढ्या प्रमाणात खरोखर गरीब झालेला असतो. ज्या विहिरीचं पाणीच कायमचं खाली गेलं, तिच्यावर मोटर मोठी बसवून ओलीत वाढत नाही, तसंच हे.

रिझर्व्ह बँकेनं पैसा सोडून मंदी टाळावी की व्याज वाढवून महागाई दाबावी?

आधी तात्पुरता धक्का धरू. बँकेनं मागणी 10 ने वाढवली, तर पहिल्याच वर्षी उत्पादन 100 वर टिकतं, पण भावपातळी 110 होते. पुढे धक्का गेला तरी ती 110 वरच राहते, कारण मजुरी आता 110 च्या हिशेबानं ठरते आणि मागणीही तेवढीच वाढलेली आहे. नोकऱ्या वाचल्या, भाव कायमचा चढला.

उलट बँकेनं भाव 100 च्या वर जाऊच द्यायचा नाही असं ठरवलं, तर मागणी 10 ने कापावी लागते आणि पहिल्या वर्षी उत्पादन 95 ऐवजी 90 वर येतं. पण लोकांची अपेक्षा बिघडत नाही. धक्का सरला, मागणी पूर्ववत केली, की पुढच्याच वर्षी उत्पादन 100.

मधला मार्ग, काहीच न करण्याचा, वरच्या तक्त्यात आहे. त्यात बुडालेलं उत्पादन मोजा: पहिल्या वर्षी 5, मग 2.5, मग 1.25, असं करत बेरीज 10 कडे जाते. कडक धोरणात एकाच वर्षी 10 बुडतं. नुकसान एकूण सारखंच. एकात ते एकदम, दुसऱ्यात हप्त्यानं. (हा सुबक हिशेब आपले नियम सरळ रेषेतले असल्यामुळे जुळतो. खऱ्या अर्थव्यवस्थेत तो इतका काटेकोर नसतो.)

मग वाटेल की पैसा सोडणंच शहाणपणाचं, त्यात तर काहीच बुडत नाही. धक्का कायमचा निघाला की हा शहाणपणा अंगाशी येतो. संभाव्य उत्पादन आता 90 आहे आणि बँक ते 100 वर रेटून धरते आहे. पहिल्या वर्षी भाव 110. पाडव्याला सगळे 110 धरून मजुरी ठरवतात, त्यावर धक्का पुन्हा 10, म्हणून भाव 120. मग 130. मंदी टाळायला दर वर्षी नवा पैसा, आणि दर वर्षी नवी भाववाढ. शिवाय लोक मूर्ख नसतात. मागच्या वर्षीचा भाव बघण्याऐवजी ते पुढच्या वर्षीचा अंदाज बांधू लागतात, आणि मग चक्र आणखी वेगानं फिरतं.

असं खरोखर कुठे झालं?

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि पिंपामागे 3 डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी 1974 पर्यंत 12 डॉलरजवळ गेला. अमेरिकेत 1974 अखेर ग्राहक भाववाढ 12 टक्क्यांवर होती आणि मे 1975 मध्ये बेरोजगारी 9 टक्के. त्याआधीच्या समजुतीप्रमाणे एक वाढलं की दुसरं कमी व्हायला हवं होतं.

1979 मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर दुसरा तेलधक्का आला. तोवर महागाईची अपेक्षा लोकांच्या हाडीमासी मुरलेली. ती काढायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या काळात व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात न्यावे लागले. 1980 मध्ये साडेतेरा टक्के असलेली महागाई 1983 मध्ये 3 टक्क्यांच्या आसपास आली खरी, पण 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर पोचली होती. वरच्या हिशेबातलं टाळलेलं देणं असं व्याजासकट चुकवावं लागलं.

आणि आपल्याकडे? 1972 च्या दुष्काळाचं म्हातारे अजून सांगतात.

आपल्याकडे दोन धक्के एकमेकांवर चढले. 1972 चा दुष्काळ महाराष्ट्रात भीषण होता. सगळ्यांत जास्त झळ मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागाला बसली. लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्ल्याच्या गोष्टी त्याच काळातल्या. त्यातून सावरतो न सावरतो तोच तेल चौपट झालं. घाऊक भाव 1973-74 मध्ये सुमारे 20 टक्क्यांनी आणि 1974-75 मध्ये सुमारे 25 टक्क्यांनी वाढले. त्या दुसऱ्या वर्षी देशाचं उत्पादन जेमतेम एका टक्क्यानं वाढलं. आकृतीतल्याप्रमाणेच, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला.

जुलै 1974 मध्ये सरकारनं कडक बाजू घेतली. बँक दर 7 वरून 9 टक्के झाला. वाढीव पगार पूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत वळवला गेला. या दुसऱ्या उपायाकडे मॉडेलच्या नजरेनं बघा: पगारवाढ हातात पडून मागणी होण्याआधीच ती अडवली. सप्टेंबर 1974 नंतर भाव उतरू लागले. 1975 चा पाऊस चांगला झाला. 1975-76 मध्ये घाऊक भाव एका टक्क्याहून थोडे जास्तच घटले आणि उत्पादन सुमारे 9 टक्क्यांनी वाढलं. स्वस्ताई आणीबाणीमुळे आली असं अजूनही पारावर ऐकू येतं. आणीबाणी जून 1975 ची, भाव उतरायला लागले त्याच्या कितीतरी महिने आधी.

पुढे 1979-80 मध्ये दुष्काळ आणि दुसरा तेलधक्का एकत्र आले. उत्पादन 5 टक्क्यांहून जास्त घसरलं, घाऊक भाव 17 टक्क्यांनी चढले. स्टॅगफ्लेशनचं भारतातलं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. परीक्षेत हेच लिहा.

"भाव वाढले त शेतकऱ्याले फायदाच होते नं, सर?"

मागणी वाढून भाव वाढले तर होतो. इथे भाव वाढले आहेत ते खर्च वाढल्यामुळे. खत, डिझेल, फवारणी आधी महागते, आणि सोयाबीनचा भाव जगाच्या बाजारावर ठरतो, तो त्यामागे येईलच असं नाही. शिवाय जो शेतकरी बाजारात विकतो तोच तेल, डाळ, साखर विकतही घेतो. कोरडवाहू पाच एकरवाल्याच्या घरी वर्षातून दोनदा पैसा येतो आणि किराणा दर आठवडी बाजाराला लागतो.

रोजगार हमी आणि खताचं अनुदान यानं धक्का परततो का?

दोन्ही वेगळ्या रेषांवर काम करतात. रोजगार हमी, जिची मुळं महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळी कामांत आहेत आणि जिचा कायदा 1977 चा, ती मागणीच्या बाजूची. मजुराच्या हातात पैसा येतो, पण त्या पैशानं त्याच वर्षी ज्वारी जास्त पिकत नाही. म्हणून धान्याची आयात किंवा साठा सोबत नसेल तर काही भाग भाववाढीतच जातो. मात्र त्या कामातून शेततळं, विहीर, बांध उभा राहिला तर पुढच्या वर्षांत पुरवठ्याची उभी रेषा उजवीकडे सरकते. नुसती माती इकडची तिकडे केली तर नाही.

खताचं अनुदान थेट पुरवठ्याच्या रेषेला धरून ठेवतं. मे 2021 मध्ये जागतिक भाव चढल्यावर डीएपीच्या गोणीमागचं अनुदान 500 वरून 1200 रुपये केलं गेलं आणि शेतकऱ्याला गोणी 1200 लाच मिळत राहिली. खर्चाचा धक्का शेतापर्यंत पोचलाच नाही. तो सरकारच्या तिजोरीनं घेतला. तात्पुरत्या धक्क्याला हा उपाय फार चांगला. कायमच्या धक्क्याला तो दर वर्षी वाढत जाणारा खर्च ठरतो.

मग 2022 ला भारतात स्टॅगफ्लेशन होतं का?

नाही. युक्रेन युद्धानं तेल आणि खाद्यतेल दोन्ही महागले, एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्क्यांवर गेली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या 6 टक्क्यांच्या वरच्या मर्यादेबाहेर. धक्का खराच होता. पण 2022-23 मध्ये उत्पादन 7 टक्क्यांच्या आसपास वाढत होतं, कारण कोविडनंतर दबलेली मागणी आणि बंद पडलेली कामं एकाच वेळी परत येत होती. महागाईची अर्धी खूण होती, मंदीची नव्हती. बँकेनं मे 2022 पासून रेपो दर 4 वरून वाढवत फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहावर नेला. तेलाच्या विहिरी व्याजदरानं खुल्या होत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. तिचा डोळा पुढच्या वेतनकरारांवर होता, की त्यात 7 टक्के गृहीत धरले जाऊ नयेत.